कच्च्या प्रश्नपत्रिका मागवणारी सूचना : तारखा, आराखडा आणि मुदत कशी लिहावी

माध्यमिक शाळेत सहामाही परीक्षेच्या आधी परीक्षा विभागप्रमुखाला एक सूचना काढावी लागते. ती सूचना वहीत लिहिली जाते, शिपाई ती वही वर्गावर्गांतून फिरवतो, शिक्षक तास थांबवून सही करतात आणि वही परत येते. या सहीला फारसा अर्थ नसतो, हे मला उशिरा कळले. परीक्षा विभागाचे काम माझ्याकडे आले त्या पहिल्या वर्षी मी लिहिले होते, ‘सर्व विषय शिक्षकांनी आपापल्या प्रश्नपत्रिका या आठवड्याच्या अखेरपर्यंत परीक्षा विभागाकडे द्याव्यात.’ शनिवारी पाच पाकिटे आली. उरलेली सोमवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत येत राहिली, त्यांतील तीन उत्तरसूचीविना होती आणि एका मसुद्यात तर अभ्यासक्रमच वेगळा धरला होता. चूक कोणाचीच नव्हती. काय, कोणत्या रूपात, कधी आणि कोणाच्या हातात द्यायचे यांपैकी एकही गोष्ट सूचनेत नीट लिहिलेली नव्हती.

या लेखात ही एकच सूचना तयार करण्याची पद्धत एका उदाहरणावरून सांगितली आहे. उदाहरणासाठी कोकणातील एक मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता नववी आणि दहावी, आणि १२ ऑक्टोबर २०२६ रोजी, सोमवारी, सुरू होणारी प्रथम सत्र परीक्षा घेऊ.

आधी तारखा उलट्या मोजा

मुदतीची तारीख सूचनेत पहिल्यांदा दिसत असली तरी ती शेवटी ठरवायची असते. सुरुवात परीक्षेच्या पहिल्या दिवसापासून करून मागे यावे. परीक्षा सोमवारी सुरू होणार असेल तर मोजलेल्या, पाकिटात घालून लाख लावलेल्या प्रश्नपत्रिका शुक्रवारी, ९ ऑक्टोबरला, मुख्याध्यापकांच्या कपाटात असायला हव्यात. छपाईसाठी, मग ती शाळेच्या रिसोवर असो वा बाहेरच्या छापखान्यात, ५ ते ८ ऑक्टोबर हे चार दिवस धरू. छपाईला देण्याआधीच्या शेवटच्या प्रतीवर विषय शिक्षकाची सही ३ ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवी, कारण २ तारखेला गांधी जयंतीची सुट्टी आहे आणि ४ तारखेला रविवार.

आता टंकलेखन. नववी आणि दहावीला प्रत्येकी मराठी, हिंदी, इंग्रजी, गणिताचे दोन भाग, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल अशा ९ प्रश्नपत्रिका धरल्या तर एकूण १८ होतात. टंकलेखन करणारा एक माणूस दिवसाला तीन प्रश्नपत्रिका नीट लावतो असे धरले तर सहा दिवस लागतात. भूमितीच्या आकृत्या आणि विज्ञानाची नामनिर्देशित चित्रे असल्यामुळे याहून वेगाची अपेक्षा ठेवू नये. हे सहा दिवस २३ ते ३० सप्टेंबर या काळात बसतात, पण २५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे आणि २७ ला रविवार, हे दोन्ही दिवस वगळूनच.

इथे कोकणातल्या शाळेची खरी अडचण समोर येते. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्या आठवड्यात शाळा बंद राहणार आणि निम्मे शिक्षक गावी असणार. ‘सुट्टीत निवांतपणे प्रश्नपत्रिका काढता येतील’ म्हणून मुदत गणपतीनंतर ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. घरात पाहुणे, आरत्या आणि शेजारची मुले असताना कच्ची प्रश्नपत्रिका टेबलावर पसरून ठेवणे गोपनीयतेच्या दृष्टीने योग्य नाही, आणि २१ तारखेला मसुदे एकदम आले तर पडताळणीला दोनच दिवस उरतात. म्हणून मसुदे गणपतीआधी शाळेत पोहोचले पाहिजेत आणि सुट्टीभर ते शाळेच्याच कपाटात राहिले पाहिजेत. त्याप्रमाणे मसुदा देण्याची मुदत मंगळवार, ८ सप्टेंबर. पडताळणी ९ ते ११. शनिवारी, १२ तारखेला, विषय शिक्षक आणि पडताळणी करणारे शिक्षक यांची समोरासमोर चर्चा. आणि सुट्टीनंतर २१ व २२ सप्टेंबरला दुरुस्त्या, त्याही शाळेत बसूनच.

एका प्रश्नपत्रिकेचे दोन संच, उत्तरसूची आणि प्रकरणनिहाय भारांशाचा तक्ता यांसाठी शिक्षकाला तीन आठवडे तरी द्यावेत, कारण या काळात रोजचे तास आणि निवडणुकीचे वा जनगणनेचे एखादे काम डोक्यावर असतेच. ८ सप्टेंबरपासून तीन आठवडे मागे गेल्यावर १८ ऑगस्ट येतो. तोच सूचनेचा दिवस.

अभ्यासक्रम प्रकरणांच्या नावांनी लिहा

‘सप्टेंबरअखेर झालेला अभ्यासक्रम’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सूचनेत सापडते आणि ते हमखास घोळ घालते. मसुदा ८ सप्टेंबरला द्यायचा असताना सप्टेंबरअखेर काय शिकवून होईल हे प्रत्येक शिक्षक आपल्या अंदाजाने ठरवतो. एका इयत्तेच्या दोन तुकड्यांना दोन शिक्षक असतील तर एका तुकडीला न शिकवलेला प्रश्न दुसऱ्या शिक्षकाच्या मसुद्यात येतो, आणि परीक्षेच्या दिवशी वर्गातून हात वर होतात.

म्हणून वार्षिक नियोजन समोर ठेवून प्रकरणांची नावे सूचनेच्या परिशिष्टात लिहावीत. दहावी गणित भाग १ साठी ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी’ असे स्पष्ट लिहिले की अंदाजाला जागा राहत नाही. एखादे प्रकरण परीक्षेपर्यंत पूर्ण होणार नाही असे शिक्षकाला वाटत असेल तर त्याने ते २५ ऑगस्टपर्यंत कळवावे, त्यानंतर यादी बदलणार नाही, एवढी एक ओळ त्याखाली असावी.

आराखडा : बेरजेचे दोन आकडे लिहा

‘बोर्डाच्या आराखड्याप्रमाणे’ एवढे लिहून आपण जबाबदारी संपली असे समजतो. पण आराखडा ज्याच्या त्याच्या आठवणीत थोडा वेगळा असतो. दहावी गणित भाग १ ची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते. तिचा आराखडा असा आहे : पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एका गुणाचे उपप्रश्न, एकूण ८ गुण. दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार उपप्रश्न, प्रत्येकी २ गुण, म्हणजे १२. तिसऱ्यात दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन उपप्रश्न, प्रत्येकी ३ गुण, म्हणजे ९. चौथ्यात तीनपैकी दोन, प्रत्येकी ४ गुणांचे, म्हणजे ८. पाचव्यात दोनपैकी एक, ३ गुणांचा.

ही बेरीज ४० होते. पण मसुदा तपासताना उपयोगी पडते ती दुसरी बेरीज, म्हणजे विद्यार्थ्याने सोडून द्यायचे पर्याय धरून होणारी : ८, १६, १८, १२ आणि ६, एकूण ६०. एकदा एका मसुद्यात ही बेरीज ५७ आली. वरून पाहता सगळे ठीक होते, ‘कोणतेही दोन सोडवा’ हेही जागेवर होते. पण तिसऱ्या प्रश्नात चारऐवजी तीनच उपप्रश्न दिले होते. सोडवायच्या गुणांची बेरीज ४० च राहिल्यामुळे शिक्षकाच्या नजरेला ते आले नव्हते. तेव्हापासून मी सूचनेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेपुढे दोन आकडे लिहितो, ‘पर्यायांशिवाय’ आणि ‘पर्यायांसह’, आणि शिक्षकाने मसुद्याच्या शेवटच्या पानावर ते स्वतः बेरीज करून लिहावेत असे सांगतो.

प्रकरणांचा भारांशही याच ६० गुणांवर मांडायचा असतो, ४० वर नाही. आपल्या उदाहरणात तीनच प्रकरणे आहेत, तेव्हा रेषीय समीकरणांना २२, वर्गसमीकरणांना २० आणि श्रेढीला १८ अशी वाटणी करता येईल. ही वाटणी ज्यात मांडतात त्या संविधान तक्त्यात उद्दिष्टे, काठिण्य पातळी आणि प्रश्नप्रकार यांचे रकाने असतात. ते सगळे ठेवावेत की नाही हे शाळेने ठरवावे. माझ्या मते सहामाहीसाठी प्रकरण, प्रश्न क्रमांक आणि गुण हे तीन रकाने प्रामाणिकपणे भरलेले असले तर ते दहा रकान्यांच्या मागाहून भरलेल्या तक्त्यापेक्षा जास्त कामाचे ठरतात. तक्ता प्रश्नपत्रिका काढण्याआधी भरला की नंतर, हे ओळखणेही सोपे आहे : आधी भरलेल्या तक्त्यात खाडाखोड असते.

उत्तरसूची मसुद्याबरोबरच का

‘उत्तरसूची परीक्षेनंतर द्यावी’ अशी सवलत देऊ नये. उत्तरसूची पेपर तपासण्यासाठी लागते हे खरे, पण तिचा पहिला उपयोग प्रश्नातली चूक सापडण्यासाठी आहे. एक उदाहरण पाहा. शिक्षकाच्या मनात x² + 4x − 5 = 0 हे समीकरण होते, ज्याची मुळे 1 आणि −5 आहेत. मसुद्यात उणे चिन्हाऐवजी अधिक पडले आणि x² + 4x + 5 = 0 झाले. आता विवेचकाची किंमत 16 − 20 म्हणजे −4 येते आणि समीकरणाला वास्तव मुळेच राहत नाहीत. प्रश्न डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात काहीच वावगे दिसत नाही. तो कागदावर सोडवणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच कळते.

म्हणून सूचनेत ‘उत्तरसूची’ या एका शब्दावर थांबू नये. ‘प्रत्येक उपप्रश्नाची पायरीवार सोडवणूक, पायरीनिहाय गुणांसह’ असे लिहावे. नुसती अंतिम उत्तरे पाठ्यपुस्तकाच्या मागून उतरवून देता येतात, आणि तशी ती दिली जातात.

हस्तलिखित की संगणकीय

यावर शाळेशाळेत वाद होतात. सूचनेत एकच पर्याय द्यावा, दोन्ही नकोत. टंकलेखन शाळेतच एका माणसाकडे होणार असेल तर स्वच्छ हस्तलिखित मागवणे मला जास्त सुरक्षित वाटते, कारण त्याची प्रत कोणत्याही मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर मागे राहत नाही. आखीव फुलस्केपच्या एकाच बाजूला, काळ्या शाईने, डावीकडे मोठा समास सोडून लिहावे. आकृती पेन्सिलीने काढून चालत नाही. ती वेगळ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने काढावी आणि तिच्यावर प्रश्न क्रमांक घालावा.

संगणकीय मसुदा मागवायचाच असेल तर मजकूर युनिकोडमध्ये हवा, असे ठळक लिहावे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या रांगा होऊन उघडतो, हे बहुतेकांनी अनुभवले आहे. ते निदान लगेच दिसते तरी. अधिक धोकादायक असते ते चिन्हांचे बिघडणे. आमच्याकडे एका वर्षी भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत कोनाच्या चिन्हाच्या जागी सगळीकडे रिकामी चौकट छापली गेली आणि पर्यवेक्षकाला वर्गावर्गांत जाऊन ‘चौकट म्हणजे कोन’ असे सांगावे लागले. याची परीक्षा सोपी आहे. शिक्षकाने पुढील ओळ आपल्या फाइलच्या शेवटी टाइप करावी, आणि छापून काढलेल्या कागदावर ती तशीच दिसते का ते पाहावे :

```
क्षेत्रफळ, त्रिज्या, ∠ABC = 90°, √3, x² ≥ 0
```

फाइलच्या नावाचा नमुनाही सूचनेतच द्यावा, नाहीतर सगळ्या फाइलींचे नाव ‘final’ असते. `10_GANIT1_SATRA1_A.docx` असे नाव दिले की इयत्ता, विषय, सत्र आणि संच चारही गोष्टी कळतात.

गोपनीयता : वाटेवरची काळजी

मसुदा कोणत्या वाटेने येणार ते लिहून ठेवावे लागते. व्हॉट्सॲपवर, वैयक्तिक ईमेलवर किंवा शिक्षक कक्षातल्या सामाईक संगणकावरून पाठवलेला मसुदा स्वीकारला जाणार नाही, असे थेट शब्दांत असावे. ‘गोपनीयता पाळावी’ या वाक्यातून यातले काहीच कळत नाही. दोन्ही संच दोन वेगळ्या बंद पाकिटांत, पाकिटाच्या जोडावर शिक्षकाची सही, बाहेर फक्त इयत्ता, विषय आणि संच. पाकीट परीक्षा विभागप्रमुखाच्या हातात द्यायचे. शिपायाकडे नाही, टेबलावर ठेवून नाही. देताना नोंदवहीत तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या.

एक मुद्दा लिहायला सगळे कचरतात. ज्या शिक्षकाचा मुलगा, मुलगी किंवा जवळचा नातेवाईक त्याच इयत्तेत शिकतो, त्याने त्या इयत्तेची प्रश्नपत्रिका काढू नये. लहान शाळेत हे सर्वांना ठाऊक असते, तरी तोंडी सांगताना अवघडलेपण येते. सूचनेत एक सर्वसाधारण ओळ असली की संबंधित शिक्षक स्वतःहून येऊन सांगतात आणि कोणालाच बोट दाखवावे लागत नाही.

पडताळणीसाठी त्याच विषयाचा दुसरा शिक्षक शाळेत नसेल तर संस्थेच्या दुसऱ्या शाळेतील शिक्षक घ्यावा. तेही शक्य नसेल तर दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने निदान बेरीज, प्रश्न क्रमांक, सूचनांची भाषा आणि आकृतीतली अक्षरे प्रश्नातल्या अक्षरांशी जुळतात का एवढे तपासावे. विषय न जाणणाऱ्या माणसाला या चुका अधिक चांगल्या दिसतात.

मुदतीचे वाक्य

‘८ तारखेपर्यंत’ म्हणजे ८ तारीख धरून की सोडून, यावर मी शिक्षक कक्षात रंगलेला वाद ऐकला आहे. वार, तारीख, वर्ष आणि वेळ चारही लिहावे. वेळ शाळा सुटण्याच्या तासभर आधीची असावी, म्हणजे पाकीट उघडून आतले कागद शिक्षकासमोरच मोजता येतात आणि उत्तरसूची राहिली असेल तर तिथेच लक्षात येते.

मुदत चुकली तर काय, हेही लिहावे, पण धमकीच्या भाषेत नको. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्याने आजवर एकही प्रश्नपत्रिका वेळेवर आलेली मी पाहिली नाही. त्यापेक्षा अडचण आधी कळवण्याची एक तारीख द्यावी. आपल्या उदाहरणात ती ३ सप्टेंबर, गुरुवार आहे, कारण ४ तारखेला जन्माष्टमी आहे, ५ ला गोपाळकाला आणि ६ ला रविवार. त्या दिवशी कळवले तर काम दुसऱ्याकडे सोपवता येते. ८ तारखेला दुपारी कळवले तर नाही.

सूचनेचा नमुना

वरच्या सगळ्या निर्णयांनंतर सूचना एका पानात बसते :

सूचना
दिनांक : १८ ऑगस्ट २०२६
विषय : प्रथम सत्र परीक्षा, इयत्ता नववी व दहावी, प्रश्नपत्रिकांचे मसुदे सादर करण्याबाबत.

इयत्ता नववी व दहावीच्या सर्व विषय शिक्षकांना कळविण्यात येते की, प्रथम सत्र परीक्षा सोमवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२६ पासून सुरू होत आहे. सोबतच्या परिशिष्टात आपल्या नावापुढे दिलेल्या प्रश्नपत्रिकेचे संच अ आणि संच ब, प्रत्येक संचाची पायरीनिहाय गुणांसह उत्तरसूची आणि प्रकरणनिहाय भारांशाचा तक्ता मंगळवार, दिनांक ८ सप्टेंबर २०२६ रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत परीक्षा विभागप्रमुखांकडे समक्ष द्यावा.

प्रश्नपत्रिका परिशिष्टातील प्रकरणांवरच आधारित असावी. प्रकरणांबाबत हरकत असल्यास मंगळवार, दिनांक २५ ऑगस्टपर्यंत लेखी कळवावी. मसुदा हस्तलिखित असावा. फुलस्केपच्या एकाच बाजूला काळ्या शाईने लिहावा आणि आकृत्या स्वतंत्र कागदावर काढाव्यात. शेवटच्या पानावर गुणांची पर्यायांशिवाय व पर्यायांसह बेरीज लिहून स्वाक्षरी करावी.

प्रत्येक संच स्वतंत्र बंद पाकिटात द्यावा. मोबाइल, ईमेल किंवा अन्य व्यक्तीमार्फत आलेला मसुदा स्वीकारला जाणार नाही. आपला पाल्य अथवा जवळचा नातेवाईक संबंधित इयत्तेत शिकत असल्यास, किंवा रजा वा शासकीय कामामुळे मुदत पाळणे शक्य नसल्यास, गुरुवार, दिनांक ३ सप्टेंबरपर्यंत कळवावे, म्हणजे पर्यायी व्यवस्था करता येईल.

मसुद्यावरील चर्चा शनिवार, दिनांक १२ सप्टेंबर रोजी होईल. दुरुस्त्या दिनांक २१ व २२ सप्टेंबर रोजी शाळेतच करावयाच्या असून अंतिम प्रतीवर शनिवार, दिनांक ३ ऑक्टोबरपर्यंत स्वाक्षरी करावी.

परीक्षा विभागप्रमुख
मुख्याध्यापक

परिशिष्टात शिक्षकाचे नाव, इयत्ता व विषय, प्रकरणे, वेळ, गुणांच्या दोन्ही बेरजा आणि शेवटी सहीचा रकाना ठेवावा. पडताळणी करणाऱ्याचे नाव मात्र त्यात घालू नये. ते फक्त मुख्याध्यापकांकडील प्रतीवर असावे. आणि सही सूचना वहीत न घेता या परिशिष्टावर, प्रत्येकाच्या स्वतःच्या ओळीपुढे घ्यावी. तिथे सही करताना शिक्षकाला आपला विषय, आपली प्रकरणे आणि आपली बेरीज वाचावीच लागते, आणि काही चुकले असेल तर तो तास संपल्यावर नव्हे, तिथल्या तिथे परिशिष्ट हातात धरून सांगतो.